हिरडी, सीआरटी आणि कातडीची चिमट: घरच्या दोन कुत्र्यांवरच्या नोंदी

३ फेब्रुवारी

सुरुवात का केली ते आधी लिहिते. मागच्या आठवड्यात बंडूला दोनदा उलटी झाली म्हणून डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, हिरड्यांचा रंग कसा आहे? मी म्हटलं गुलाबी... म्हणजे थोडा फिका... म्हणजे तसा काळाच आहे त्याचा. डॉक्टर म्हणाले, नेहमीपेक्षा फिका आहे का? आणि नेहमी कसा असतो ते मी पाच वर्षांत एकदाही बघितलेलं नव्हतं. तेव्हा काही झालं नाही, उलटी आपोआप थांबली, पण ठरवलं की दोघंही ठणठणीत असतानाचे आकडे लिहून ठेवायचे. तीनच गोष्टी. हिरडीचा रंग आणि ओलावा, हिरडी दाबल्यावर रंग परत यायला लागणारा वेळ (डॉक्टर त्याला सीआरटी म्हणतात) आणि कातडीची चिमट.

प्राणी दोन. बंडू, ५ वर्षांचा, गुटगुटीत, हिरड्या बहुतेक काळ्या. चंपी, १२ वर्षांची, काटकुळी, हिरड्या गुलाबी. मदतीला धाकटा भाऊ. खर्च काही नाही, मोबाईल आणि वजनकाटा घरात होताच.

आज फक्त तोंड उघडून बघायचं होतं. बंडूने तीन वेळा मान सोडवून घेतली. माझी चूक ही की मी समोरून जबडा उघडायला जात होते, आणि समोरून दोन्ही हात तोंडाकडे आले की कुत्रा मागे सरकणारच. जबडा उघडायची गरजच नाही. बाजूला बसायचं, हनुवटीखाली एक हात ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ सुळ्याजवळ नुसता वर सारायचा, तोंड बंदच राहतं. हे कळायला अर्धा तास आणि अर्धी वाटी खाऊ गेला.

४ फेब्रुवारी

बंडूच्या काळ्या हिरड्यांवर काही दिसत नाही, रंगही नाही आणि दाबल्यावर पांढरंही होत नाही. भाऊ म्हणाला, ताई तू चंपीवरच कर मग. पण बंडूच्याच वेळी प्रश्न पडला होता ना.

खिडकीजवळ नेऊन ओठ सगळीकडून वर करून बघितला तर डाव्या वरच्या सुळ्याच्या मागे करंगळीच्या नखाएवढा एक गुलाबी तुकडा सापडला. हीच जागा आता कायमची. ज्यांच्या कुत्र्याच्या हिरड्या पूर्ण काळ्या आहेत त्यांनी खालच्या पापणीची आतली बाजू बघायची, पापणी अंगठ्याने हळूच खाली ओढली की गुलाबी अस्तर दिसतं. तिथे रंग कळतो, पण दाबून बघता येत नाही. दाबायला मादीत योनीच्या आतली कड आणि नरात लिंगावरचं आवरण मागे सारून आतला भाग चालतो असं डॉक्टर म्हणाले. बंडूला ते आवडण्यातलं नाही, त्यामुळे तुकडा सापडला हे बरं झालं.

उजेडाचंही आजच लक्षात आलं. रात्री पिवळ्या दिव्याखाली चंपीच्या हिरड्या मला चक्क पिवळट वाटल्या, कावीळ झाली की काय म्हणून पोटात गोळा आला, सकाळी खिडकीत त्याच हिरड्या मस्त गुलाबी. मोबाईलचा टॉर्च दुसऱ्या टोकाला नेतो, ओल्या हिरडीवर चकाकी येते आणि सगळं पांढरट दिसतं. टॉर्च वापरायचाच असेल तर एका बाजूने तिरका धरायचा.

६ फेब्रुवारी

सीआरटी. ऐकायला सोपं आहे, हिरडी बोटाने दाबायची, पांढरी झाली की सोडायची, गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. साधारण १ ते २ सेकंदात आला पाहिजे. मी मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजलं आणि चंपीचे एकामागोमाग पाच आकडे आले ०.९, २.१, १.३, २.४, १.१. असल्या आकड्यांचं काय लोणचं घालायचं.

कुठे चुकत होतं ते शोधण्यात पूर्ण संध्याकाळ गेली. तीन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे मी ओठ इतका ताणून धरत होते की ताणामुळे हिरडीच फिकी पडत होती, म्हणजे दाबण्याआधीच अर्धं रक्त बाजूला. दुसरं, दाबणं कधी हलकं कधी जोरात, हलकं दाबलं की नीट पांढरं होतच नाही आणि रंग लगेच आला असं वाटतं. आता ठरवलंय, माझं स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत दाबायचं, दोन अंक मोजायचे, सोडायचं. तिसरं सगळ्यात बावळटपणाचं, बोट सोडल्यावर ते तिथेच घुटमळत होतं आणि पांढरा ठिपका माझ्याच बोटाआड लपत होता. बोट झटकन उचलून खाली न्यायचं.

आणि स्टॉपवॉचचं बटण दाबायला लागणारा वेळ वेगळाच. दीड सेकंदाची गोष्ट मोजताना सुरुवातीला आणि शेवटी पाव-पाव सेकंद इकडेतिकडे झाला तर मोजण्यात अर्थ काय उरला.

७ फेब्रुवारी

भावाची आयडिया, व्हिडिओ काढ आणि फ्रेम मोज. आमच्या मोबाईलचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा आहे. बोट उचललं ती फ्रेम पकडायची, पांढरा ठिपका आजूबाजूच्या रंगात मिसळला ती फ्रेम पकडायची, मधल्या फ्रेम मोजायच्या आणि ३० ने भागायचं. चंपीचं ४३, ४६, ४४. म्हणजे १.४ ते १.५ सेकंद. बंडूचं ३९, ४१, ३९, म्हणजे १.३ च्या आसपास. कालचे उड्या मारणारे आकडे गेले.

पण हे फक्त शिकण्यापुरतं. व्हिडिओ बघत बघत मी तोंडाने "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणून बघितलं, साधारण बोलीच्या वेगात "एक हजार एक" म्हणून झालं की एक सेकंद होतो. दहा-बारा वेळा व्हिडिओशी ताडून बघितल्यावर तोंडी मोजणं पुरेसं जमायला लागलं. प्रश्न फक्त दोनच्या आत की दोनच्या वर एवढाच असतो, दशांशाचं कौतुक कोणाला नाही.

९ फेब्रुवारी

आज मुद्दाम बंडूला वीस मिनिटं पळवून आणून लगेच मोजलं. हिरडी गडद गुलाबी, जवळजवळ लालसर, आणि २४ फ्रेम, ०.८ सेकंद. धापा टाकल्यामुळे हिरडी बोटाला चिकट लागली, एरवी ती ओल्या साबणासारखी निसरडी असते. म्हणजे नुसतं पळून आलेलं कुत्रं बघितलं तर चिकट हिरडी म्हणजे डिहायड्रेशन असं वाटेल. पंधरा मिनिटं पडून राहिल्यावर सगळं जागेवर. त्यानंतर तो पाणी प्यायला गेला आणि मी लगेच ओलावा बघायला गेले, अर्थातच ओलंच लागणार, वाडग्यातलं पाणी होतं ते. म्हणून नियम केला, पंधरा मिनिटं आराम, पाणी पिण्याआधी. उलटी येण्याआधी कुत्री लाळ गाळतात, तेव्हाही हिरडी ओली लागते आणि फसवते.

डॉक्टरांना ०.८ सांगितलं तर ते म्हणाले पळाल्यावर ठीक आहे, पण झोपून असलेल्या कुत्र्याची हिरडी विटेसारखी लाल आणि रंग एक सेकंदाच्या आत परत येतोय असं दिसलं तर तेही वाईट. उष्माघातात किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरायला लागताना सुरुवातीला असंच दिसतं. मी तोवर जेवढं फास्ट तेवढं चांगलं असं धरून चालले होते.

नाडी मोजणंही आजच शिकले. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वरती जिथे पाय पोटाला मिळतो तिथे चार बोटं सपाट ठेवायची, १५ सेकंद ठोके मोजून चारने गुणायचं. बंडू आरामात २२, म्हणजे ८८. चंपी ९६.

१० फेब्रुवारी

चिमट. खांद्यांच्या मधली कातडी दोन बोटांत उचलायची, सोडायची, चटकन सपाट झाली पाहिजे, वेळ लागला तर अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं. बंडूची सोडताक्षणी सपाट. चंपीची? उंचवटा तसाच, हळूहळू खाली बसला, दोन सेकंद लागले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी घाबरले, एक तर ती म्हातारी, मूत्रपिंडं गेली असतील, पाणी कमी झालं असेल, काय काय डोक्यात आलं, आणि अर्धा दिवस सुट्टी टाकून तिला घेऊन गेले.

डॉक्टरांनी हिरडीवर बोट फिरवलं, निसरडी आणि ओली. रक्त तपासलं, मूत्रपिंडाचे आकडे ठीक. मग म्हणाले, म्हाताऱ्या आणि वाळलेल्या कुत्र्याची कातडी अशीच असते, चामड्यातला ताण गेलेला असतो आणि खालची चरबीही गेलेली असते. जाड कुत्र्यात बरोबर उलटं, चरबीमुळे कातडी टणकन परत बसते, अंगातलं पाणी कमी होत चाललं तरी पत्ता लागत नाही. फार लहान पिल्लांतही चिमटीवर भरवसा नाही, तिथे तोंडाचा ओलावा बघायचा.

अर्धा दिवस आणि एक रक्ततपासणी गेली, पण आकडा मिळाला. चंपीचा नॉर्मल म्हणजे दोन सेकंद. हा आकडा पुस्तकातला नाही, तिचा आहे.

११ फेब्रुवारी

चिमट कुठे घ्यायची यावर आज तासभर. मानेवर घेतली तर दोघांचीही ढिली, तिथे कातडी मुळातच जास्त असते. उभं असताना आणि कुशीवर पडलेलं असताना वेगळे आकडे. शेवटी चारही पायांवर उभं, मान सरळ, खांद्यांच्या मधोमध, पाठीच्या कण्याच्या रेषेत उचलायची, पिळायची नाही, असं ठरवलं. चंपीसाठी कपाळावरची कातडी पण लिहून ठेवली, तिथे एक सेकंद.

वजन पण. मी एकटी काट्यावर ७१.४, बंडूला उचलून ८७.६, म्हणजे बंडू १६.२ किलो. चंपी ९.८. दर रविवारी, सकाळी, खाण्याआधी. कारण एका दिवसात कमी झालेलं वजन हे चरबी नसतं, पाणी असतं, एक किलो म्हणजे एक लिटर. याचा उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं, भावाने काटा बाहेर काढलाच होता म्हणून करून टाकलं.

१२ फेब्रुवारी ते १ मार्च

रोज नाही, आठवड्यातून दोनदा. विशेष काही नाही. बंडू आता ओठ वर केला की शेपटी हलवतो कारण नंतर खाऊ मिळतो. एकदा थंड पहाटे अंगणातून आल्या आल्या चंपीची सीआरटी १.९ आली, गारठ्यात तोंडाकडचा रक्तपुरवठा आखडतो, घरात उबेत आल्यावर १.५.

२ मार्च, रात्र

हे दुसऱ्या दिवशी बसून लिहितेय, वेळा मोबाईलवरून बघून.

९.४० ला बंडूला उलटी, साधी, पिवळं पाणी. १०.३० ला पुन्हा. ११.१५ ला जुलाब, आणि तो नुसता पातळ नव्हता, लाल, घट्टसर, जांभळाच्या जॅमसारखा, रक्ताचा वास. मी लगेच चिमट घेतली. सोडताक्षणी सपाट. पुन्हा घेतली, सपाट. भाऊ म्हणाला, ताई चिमट तर मस्त आहे, पाणी कमी झालेलं नाही, सकाळी नेऊ. आणि मला ते पटलं. इतके दिवस शिकून ज्या तपासणीवर सगळ्यात कमी भरवसा ठेवायचा तिच्यावरच भरवसा ठेवून मी दोन तास घालवले. हिरडी बघितलीच नाही, कारण चिमट घेतली की आपल्याला वाटतं झालं, तपासलं.

१२.३० ला अजून एक जुलाब. १.२० ला तो दारापाशी पडून होता, हाक मारल्यावर डोळे फिरवले पण उठला नाही. तेव्हा ओठ वर केला. तो गुलाबी तुकडा मळकट, राखाडी झाक असलेला. बोट लावलं तर चिकट, बोट उचलताना चिकटल्यासारखं. दाबलं, "एक हजार एक, एक हजार दोन", ठिपका अजून पांढराच. आणि इथे मी काय केलं, तर मोबाईल शोधला आणि व्हिडिओ काढला. तीनदा काढला. ८१ फ्रेम, २.७ सेकंद. दोनच्या वर गेलं हे तोंडी मोजतानाच कळलं होतं, तरी सात मिनिटं मी फ्रेम मोजत बसले. पंजे हाताला गार. मांडीतली नाडी बारीक, दोऱ्यासारखी, १५ सेकंदात ३९, म्हणजे १५६.

फोनवर डॉक्टरांना सांगितलं, हिरडी नेहमी गुलाबी असते ती राखाडी, सीआरटी नेहमी १.३ ती आता २.७, नाडी ८८ ची १५६, रक्ताचे जुलाब. त्यांनी पुढे काही विचारलं नाही, म्हणाले निघा, मी पोचतोय. भाऊ तोवर सिरिंजने मीठ-साखरेचं पाणी पाजायला बसला होता. डॉक्टर फोनवरच ओरडले, तोंडातून काही घालू नका. उलट्या करणाऱ्या, अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि शॉकमध्ये, म्हणजे रक्तपुरवठा ढासळलेला असताना, आतड्याला रक्तच पुरत नाही तर ते पाणी शोषणार कुठून. चादरीत गुंडाळून, आडवा ठेवून, मान सरळ धरून नेलं. २.०५ ला पोचलो.

३ मार्च

डॉक्टरांनी रक्त काढलं, तांबड्या पेशींचं प्रमाण ६४ टक्के. कुत्र्यात ते साधारण ३७ ते ५५ असतं. म्हणजे रक्तातलं पाणी निघून गेलं आणि उरलेलं घट्ट झालं. पार्व्हो विषाणूची टेस्ट निगेटिव्ह. आतड्याला अचानक सूज येऊन रक्ताचे जुलाब होतात तो प्रकार. शिरेतून सलाईन, पहिला डोस भराभर.

मी विचारलं, मग चिमट नॉर्मल का? इतकं पाणी गेलं तर कातडीत दिसायला नको? डॉक्टरांचं उत्तर जसं समजलं तसं लिहिते, कारण या सगळ्या खटाटोपात मला सगळ्यात जास्त उपयोगी हेच पडलं.

शरीरात पाणी एका जागी नसतं. थोडं रक्तवाहिन्यांत फिरतं, आणि त्याहून जास्त पेशींच्या आजूबाजूला मुरलेलं असतं, स्पंजमध्ये असतं तसं. चिमट त्या स्पंजची परीक्षा घेते. हिरडीचा रंग, सीआरटी, नाडी हे रक्तवाहिन्यांची परीक्षा घेतात. दोन-तीन दिवस हळूहळू पाणी गेलं तर स्पंज वाळतो आणि स्पंजातलं पाणी रक्तात येत राहतं, म्हणून चिमट आधी बिघडते आणि सीआरटी बराच काळ ठीक राहते. पण तीन-चार तासांत भसाभस गेलं, रक्तस्राव झाला, असा जुलाब झाला, तर थेट रक्तवाहिन्या रिकाम्या होतात आणि स्पंजाला अजून पत्ताच नसतो. बंडूची चिमट खोटं बोलत नव्हती, मी तिला चुकीचा प्रश्न विचारला होता.

वजन तिथेच केलं होतं, १५.४. म्हणजे ०.८ किलो कमी, १६.२ च्या जवळपास ५ टक्के. आणि चिमटीत काही दिसायला लागतं तेच मुळी साधारण ५ टक्क्यांच्या पुढे, १० ते १२ टक्क्यांना कातडी तंबूसारखी उभीच राहते. शिवाय जे पाणी आतड्यात येऊन साठलंय पण अजून बाहेर पडलेलं नाही ते काट्यावर वजन म्हणून दिसतं, आणि रक्ताच्या दृष्टीने मात्र ते गेलेलंच असतं. म्हणजे रक्तवाहिन्यांतून गेलेलं ५ टक्क्यांपेक्षा जास्तच.

अर्ध्या तासाने डॉक्टरांनी मलाच हिरडी बघायला सांगितली. तुकडा गुलाबी होत होता, तोंडी मोजून पावणेदोन. नाडी १२४. डोळ्यादेखत. हिरडी अजून चिकटच होती, ओलावा यायला दुसरा दिवस लागला.

आणखी एक त्यांनी बजावलं. सीआरटी नॉर्मल आली म्हणून कुत्रं ठीक आहे असं समजू नका. शॉकच्या सुरुवातीला शरीर नाडी वाढवून, पायांकडचं रक्त आखडून वेळ निभावतं तेव्हा ती दोनच्या आत असू शकते. नुकत्याच मेलेल्या प्राण्याच्या हिरडीतसुद्धा दाबल्यावर रंग परत येताना दिसतो, म्हणाले. हे ऐकून मी गप्पच झाले. म्हणजे वाढली तर धावायचं, पण वाढली नाही म्हणून थांबायचं नाही. रक्ताचा जुलाब दिसला तेव्हाच, ११.१५ ला निघायला हवं होतं, कुठलीही तपासणी न करता.

५ मार्च

बंडू घरी. वजन १६.०. सीआरटी १.४, हिरडी निसरडी. नाडी ९२.

तपासणीचा क्रम लिहून ठेवलेलं कार्ड नव्याने लिहिलं. जुन्या कार्डावर चिमट पहिली होती, कारण ती घ्यायला सगळ्यात सोपी. आता क्रम हिरडीचा रंग, बोट फिरवून ओलावा, सीआरटी तोंडी, नाडी, आणि चिमट शेवटी. व्हिडिओ हा शब्द खोडला. वर लाल पेनाने, रंग पांढरा, राखाडी, निळसर किंवा विटेसारखा लाल असेल तर पुढचं काही न मोजता फोन. भावाने खाली लिहिलंय "तोंडात पाणी घालणे नाही" आणि स्वतःची सही केलीय.

१९ एप्रिल

चंपी दोन दिवस खात नाहीये. काल वाटलं लाड करतेय. आज वाडग्यातलं पाणीही तसंच, वर धूळ. कार्ड काढलं.

हिरडी गुलाबी, रंग नेहमीचाच. बोट फिरवलं तर चिकट, आणि ती धापा टाकत नव्हती, सकाळपासून पडूनच होती. सीआरटी तोंडी दीडच्या आसपास. नाडी २६, म्हणजे १०४, नेहमीपेक्षा जराशी जास्त. चिमट, खांद्यांच्या मधे, उभी करून, चार सेकंद. तिचे नेहमीचे दोन. कपाळावर अडीच, नेहमीचा एक. वजन ९.२, मागच्या रविवारी ९.८ होतं, म्हणजे ६ टक्के.

बंडूच्या बरोबर उलटं चित्र. स्पंज वाळलाय, रक्तवाहिन्या अजून तग धरून आहेत. कोणी अनोळखी माणसाने तिची नुसती चिमट घेतली असती तर म्हातारी आहे, असंच असतं म्हणून सोडून दिलं असतं, किंवा फेब्रुवारीत मी केलं तसं उगाच घाबरलं असतं. दोनाचे चार झाले हे फक्त दोन लिहून ठेवल्यामुळे कळलं.

फोन एक मिनिटाचा. आजचे आकडे आणि त्यांचे नेहमीचे आकडे. डॉक्टर म्हणाले, आज दुपारपर्यंत आणा, धावपळ नको, पण उद्यावर टाकू नका. कमी-जास्त वाटलं तर मात्र लगेच, आणि दर तासाला हिरडी बघत राहा. तीनदा बघितली, रंग बदलला नाही.

मागची वरची दाढ किडून मुळाशी पू झाला होता. तोंड लावलं की दुखायचं म्हणून खाणं-पिणं बंद. दाढ काढायची आहे परवा, त्याआधी पाणी भरून काढायला कातडीखाली सलाईन दिलं, शिरेतून द्यायची गरज नाही म्हणाले, रक्ताभिसरण ठीक आहे तोवर कातडीखालचं शोषलं जातं.

२० एप्रिल

सकाळी सवयीने चिमट घ्यायला गेले तर खांद्यांच्या मधे उंटाचं कुबड. कालच्या सलाईनची पिशवी कातडीखाली लोंबतेय, बोटाने दाबलं तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी हलते. रात्रीत त्यातलं थोडं घसरून डाव्या पुढच्या पायाच्या कोपरापाशी उतरलंय, चालताना डुलतं. भाऊ ते बघून पाच मिनिटं हसत होता, मी आधी डॉक्टरांना फोन केला आणि मग हसले, जिरतं ते दिवसभरात. तिथे चिमट घेण्यात काही अर्थ नाही, कपाळावर घेतली, दीड सेकंद. हिरडी निसरडी. वाडग्यातलं पाणी दोन बोटं कमी झालेलं.